आई-बाबांचं तिकीट काढताना

आई-बाबा मुंबईहून शिकागोला एकटेच येणार असतील, तर विमान दोहासारख्या ठिकाणी बदलेल असं बघा. अमेरिकेत उतरून पुढचं देशांतर्गत विमान घ्यायचं असेल, तर पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं, बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात. दमलेल्या माणसांना ते फार जड जातं. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या, मध्ये तीनेक तास ठेवा.

व्हीलचेअर दोघांच्याही नावावर मागा, नाहीतर एकाला व्हीलचेअरमागे चालत जावं लागतं. जिना चढता येत असेल तर WCHR हा व्हीलचेअरचा कोड सांगा, नसेल तर WCHS. बुकिंगनंतर फोन करून दोन्ही विमानांवर नोंद झाल्याची खात्री करा. आणि सीट शौचालयाजवळची, पण आइलची घ्या.