आगळाच्या वर्णनाची पहिली ओळ कशी लिहावी?

प्रश्न: वेंगुर्ल्याहून घरचं कोकम आगळ ऑनलाइन विकतो. ‘आमच्या बागेतील शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक आगळ’ अशी सुरुवात केली आहे. लोक बघतात आणि पुढे जातात. काय बदलू?

उत्तर: तुमच्या ओळीत आगळाचं करायचं काय, हेच नाही. आपल्याकडे ते सांगावं लागत नाही, पण पुण्या-नागपुरातल्या गिऱ्हाईकाला ती नुसती लाल बाटली दिसते. शिवाय मोबाइलवर वर्णनाचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, ते तुम्ही विशेषणांत घालवलेत.

मी अशी लिहीन: ‘सोलकढी पाच मिनिटांत: नारळाच्या दुधात दोन चमचे आगळ घाला, ढवळा, वाढा.’

‘सोलकढी’ अगदी पुढे ठेवा, कारण शोधणारा बहुधा तोच शब्द टाकतो. पाच मिनिटं मात्र स्वतः घड्याळ लावून बघा, आणि चमच्यांचं माप तुमच्या आगळाच्या आंबटपणाप्रमाणे बदला. नारळ खवून दूध काढायचं तर इतक्यात होत नाही. मग ‘तयार नारळाच्या दुधात’ असं लिहा.

दुसऱ्या ओळीत ‘मीठ घातलेलं, साखर नाही’ हे हवंच. नाहीतर कोणी सरबताचा पाक समजून नुसत्या पाण्यात घालतो, आणि खारट लागलं म्हणून एक तारा देतो. बाग, आजी, परंपरा त्याच्याखाली.