ग्राउट किती, अ‍ॅडेसिव्ह किती?

भाऊ, तू जळगावच्या खोलीला १० किलो ग्राउट लिहिलंयस, ते परत बघ. खोली १० बाय २० फूट, म्हणजे साधारण १८.६ चौरस मीटर. टाइल ६०० बाय ६०० मिमी, जाडी ९, सांधा ३. हिशोब असा:

```
kg/m² = (L+W)/(L×W) × सांधा × खोली × 1.6
```

L आणि W म्हणजे टाइलची लांबी-रुंदी, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. यातली खोली म्हणजे सांध्याची खोली, जवळपास टाइलच्या जाडीएवढी. १.६ हा सिमेंट ग्राउटचा ढोबळ आकडा, पिशवीवर वेगळा असेल तर तो घे. उत्तर ०.१४४ येतं, म्हणजे पूर्ण खोलीला पावणेतीन किलोच्या आत. वाया जाणारं धरून ३ किलो आण. हीच टाइल ३०० बाय ३०० असती तर सांधे दुप्पट, ग्राउटही दुप्पट.

अ‍ॅडेसिव्हला मात्र टाइलच्या मापाचा थेट संबंध नाही, थराचा आहे. दाबल्यावरच्या १ मिमी थराला चौरस मीटरमागे दीड किलो पावडर धर. ३ मिमीला साडेचार किलो, म्हणजे सुमारे ८४ किलो. २० किलोच्या ५ पिशव्या.

धुळ्याला एका कामात मी इथेच फसलो. कोबा मधे २ मिमी बसलेला, पट्टी लावून पाहिलंच नव्हतं. तुझ्या १० बाय २० च्या खोलीत सगळीकडे २ मिमी जास्त भरावं लागलं तर आणखी ५६ किलो, जवळपास ३ पिशव्या! म्हणून आधी सहा फुटी पट्टी फिरव, मग पिशव्या मोज. आणि मे महिन्यात थोडं-थोडंच पसरव. बोट लावून माल चिकटला नाही, तर वर साय धरलीय. तो खरवडून टाकावा लागतो, तेही हिशोबात धर.