पगारातून उचल मागताना हप्ता किती लिहावा?

प्रश्न: आईचं तातडीने ऑपरेशन करावं लागलं, ६० हजार कमी पडतायत. हातात महिना ३४ हजार येतात. सुट्ट्या संपल्या, ९ दिवस बिनपगारी जातील. मॅनेजरना ॲडव्हान्सचा मेल लिहिताना तीन महिन्यांत फेडतो म्हणू का? लवकर फेडतो म्हटलं तर हो म्हणतील ना?

उत्तर: तीन महिने अजिबात लिहू नका. २० हजारांचा हप्ता गेल्यावर हातात १४ उरतात, आणि त्यात घर चालत नाही. शिवाय पीएफ, कर, उचल सगळं धरून एका महिन्याच्या पगारातून निम्म्याहून जास्त कपात कायद्याने करता येत नाही. त्यामुळे मॅनेजर हो म्हणाले तरी अकाउंट्सवाले तो हप्ता परत पाठवतील.

संकोचापोटी मोठा हप्ता कबूल करणं, उचलीच्या अर्जांत सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. दुसऱ्या महिन्यात क्रेडिट कार्ड निघतं, त्यावर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि तिसऱ्या महिन्यात ‘या वेळी हप्ता कापू नका’ अशी विनंती करावी लागते. तीच विनंती मॅनेजरच्या लक्षात राहते. तेरा महिने मागितले आणि एकदाही चुकवलं नाही, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. ‘लवकर फेडतो म्हटलं की साहेब खूश’ असं सांगणाऱ्यांनी कधी पगारपत्रक बनवलेलं नसतं.

हप्ता खर्चाकडून काढा. समजा भाडं ९,०००, गाडीचा हप्ता ३,२००, किराणा, लाईटबिल, शाळा मिळून १२,५०० आणि आईची औषधं ३,०००. झाले २७,७००. उरतात ६,३००. म्हणून हप्ता ५,०००, सहा नाही. वरचे तेराशे फेरतपासणीच्या रिक्षाला आणि रक्ताच्या रिपोर्टला लागणारच.

आता बिनपगारी दिवस. ९ दिवसांचे साधारण १०,२०० कापले जातील, म्हणजे त्या महिन्यात हातात २३,८००. हप्ता न कापताही खर्चाला ३,९०० कमी. हा खड्डा लोक धरत नाहीत आणि पुढच्याच महिन्यात परत हात पसरावा लागतो. दुसऱ्यांदा मागणं पहिल्यापेक्षा फार अवघड असतं. म्हणून ६४,००० मागा आणि पहिला हप्ता पूर्ण पगाराच्या पहिल्या महिन्यापासून ठेवा: ५,००० चे बारा, शेवटचा ४,००० चा. मुदत कमी करायचीच असेल तर हप्ता वाढवू नका. दिवाळीचा बोनस नक्की मिळत असेल तर त्यातले १०,००० वळते करा, मग अकरा हप्त्यांत संपतं.

मेल असा:

> सर,
> आईच्या तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी मला ६४,००० रुपयांची उचल हवी आहे. हॉस्पिटलचं अंदाजपत्रक आणि भरलेल्या रकमेच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. परतफेड दरमहा ५,००० प्रमाणे, बिनपगारी रजेच्या महिन्यानंतरच्या पगारापासून, एकूण १३ हप्त्यांत (शेवटचा ४,०००) पगारातून कापावी. मी नोकरी सोडल्यास उरलेली रक्कम अंतिम हिशेबातून वळती करावी. २० तारखेपूर्वी मंजुरी मिळाल्यास हॉस्पिटलचं बिल वेळेत भरता येईल.

नोकरी सोडण्याचं वाक्य लिहायला लोक कचरतात. ते असू द्या. वरच्या साहेबांची पहिली शंका तीच असते, आणि उत्तर मेलमध्येच असलं की फाईल अडत नाही. आजाराचं वर्णन मात्र एका ओळीपलीकडे नको. तारीख घालायचं कारण असं की बहुतेक ठिकाणी २० ते २५ दरम्यान पगाराची यादी बंद होते. मॅनेजरनी तोंडी होकार दिला तरी मेल पाठवाच. मॅनेजर बदलला तर हप्त्याचा कागद तोच.

मंजुरी आली की अकाउंट्सला विचारा, नोंद कशी करताय? पुढच्या महिन्यांचा पगारच आगाऊ दिला असं दाखवलं तर तो मिळाला त्याच आर्थिक वर्षात करपात्र धरतात. हप्त्यांनी फेडायची उचल म्हणून नोंदली तर ती रक्कम पगारात मोजली जात नाही. तुमचे हप्ते ३१ मार्चच्या पलीकडे जाणार असतील तर हा फरक टीडीएसमध्ये दिसेल.

एक राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. पीएफमधून घरच्यांच्या आजारपणासाठी पैसे काढता येतात आणि ते परत भरावे लागत नाहीत. म्हातारपणची शिल्लक तेवढी कमी होते. यूएएन आणि बँक खातं जोडलेलं असेल तर आधी तिथे अर्ज टाका. तिथून २० हजार मिळाले तर ऑफिसकडे ४४,००० च मागा, पण हप्ता तेव्हाही ५,००० च.