कव्हर लेटरचा मसुदा पाठवण्याआधी कसा तपासावा?

प्रश्न: अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी कव्हर लेटर लिहिलंय. ते जमलंय का, हे स्वतःच कसं तपासू?

उत्तर: जाहिरात शेजारी ठेवून आधी संबंध आणि पुरावा तपासा, शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, नाहीतर जी वाक्यं उडणारच आहेत, त्यांच्या वेलांट्या सुधारण्यात वेळ जातो.

जाहिरातीतल्या मुख्य तीन अपेक्षा अधोरेखित करा आणि प्रत्येकीसमोर पत्रातलं वाक्य शोधा. ज्या वाक्याला जोडीदार सापडत नाही, ते काढा. उरलेल्या प्रत्येक दाव्याला विचारा, ‘कशावरून?’ समजा जाहिरातीत टॅली आणि जीएसटी आहे आणि तुम्ही लिहिलंय, ‘मला टॅली उत्तम येतं.’ हे कुणीही लिहील. त्याऐवजी ‘महिन्याला साधारण २०० खरेदी बिलं टॅलीत नोंदवून ती जीएसटीआर-२बीशी जुळवायचो, न जुळलेल्या बिलांसाठी पुरवठादारांचा पाठपुरावा करायचो’ असं लिहिलंत, तर काम माहीत असलेल्या माणसाला ते लगेच पटतं. आकडा मात्र खरा हवा, मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतो.

मग एवढं पाहा:

- स्पष्टता: पदाचं नाव पहिल्या दोन ओळींत आहे का?
- सूर: ‘कृपया एक संधी द्यावी’ अशी विनवणी नको, ‘मीच सर्वोत्तम’ही नको.
- चुका: मोठ्याने वाचा. जुन्या अर्जातलं दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलेलं नाही ना, हे वेगळं तपासा. स्पेलचेक ते पकडत नाही.

अनुभव नसेल तर पुरावा इंटर्नशिप किंवा कोर्समधल्या कामाचा चालतो, पण तसं स्पष्ट लिहा.