फांदी वेगळी, बाण वेगळा

कागदावर काढलेला माइंड मॅप तुम्हाला टॅब देऊन यादीच्या रूपात टाइप करायचाय, पण फांद्या चुकीच्या जागी जातायत. टाइप करण्याआधी कागदावरच प्रत्येक फांदीला क्रमांक द्या: 1, 1.1, 1.1.1. क्रमांकात जितकी टिंबं, तितके टॅब आत. मधलं वर्तुळ म्हणजे शीर्षक, त्याला क्रमांक नको.

खरा घोळ बाणांमुळे होतो. तुमच्या प्रकाशसंश्लेषणाच्या नकाशात प्रकाश अभिक्रियेकडून केल्विन चक्राकडे 'एटीपी' लिहिलेला बाण आहे, म्हणून तुम्ही यादीत केल्विन चक्र प्रकाश अभिक्रियेच्या पोटात टाकलंत. पण ती दोघं भावंडं, 'टप्पे' या फांदीची. बाण फक्त काय कुठे जातं ते सांगतो. तो ओळीतच लिहा:

```
2 टप्पे
    2.1 प्रकाश अभिक्रिया (एटीपी → 2.2)
    2.2 केल्विन चक्र (एडीपी → 2.1)
```

शेवटी बाण मोजा. कागदावर दोन असतील तर यादीतही दोनच सापडायला हवेत. कमी भरले तर एखादा बाण तुम्ही फांदी समजून आत ढकललाय.