बाईंचं मानपत्र आणि तुझं तीन मिनिटांचं भाषण

प्रिय मित्रा,

संस्थेत मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग स्वयंसेवक म्हणून घेणाऱ्या बाईंच्या सत्काराचं मानपत्र लिहिणं आणि त्याआधी चार शब्द बोलणं, दोन्ही तुझ्याकडे आलंय. तू पाठवलेला मसुदा मी दोनदा वाचला. मनापासून लिहिलायस, पण त्यात बाई कुठे दिसत नाहीत. ‘ज्ञानाचा अखंड झरा’, ‘त्यागमूर्ती’, ‘संस्कारांचा दीपस्तंभ’ हे सगळं कुठल्याही शिक्षकाच्या मानपत्रात जसंच्या तसं चालेल. मानपत्राचा मसुदा मी नेहमी नाव झाकून वाचतो. वर्गात बसलेल्या माणसाला तरीही ओळखता आलं पाहिजे की हे बाईंबद्दलच आहे.

धर्म शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर विशेषणं जास्तच जपून वापरावीत. कुणाची श्रद्धा किती खोल, हे बाहेरून कुणालाच मोजता येत नाही. शिवाय ज्यांनी इतकी वर्षं मुलांना नम्रपणा शिकवला, त्यांना सगळ्यांसमोर ‘संततुल्य’ म्हटलं की त्या खाली मान घालून बसतात आणि पुढचं काहीच त्यांच्या कानावर पडत नाही. म्हणून त्या कशा आहेत हे लिहू नकोस. त्यांनी काय केलं ते लिही. त्यावरून माणूस कसा आहे ते ऐकणाऱ्यांना कळतंच.

आता हे ‘काय केलं’ मिळवायचं कुठून? संस्थेच्या अहवालात फारसं सापडणार नाही. स्वयंसेवकाच्या कामाची नोंद ठेवायला पगारपत्रक नसतं, रजेचा अर्ज नसतो. वर्गाचे जुने हजेरीपट मात्र असतील, ते काढ. आणि तीन माणसांना भेट: अगदी सुरुवातीच्या वर्षांतला एखादा विद्यार्थी, सध्याच्या एखाद्या मुलाचे आईवडील आणि वर्गाची खोली उघडून देणारी व्यक्ती. ‘बाई कशा आहेत?’ असं विचारलंस तर ‘फार चांगल्या’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी असं विचार: वर्ग सुरू व्हायच्या आधी त्या काय करायच्या? मूल गैरहजर राहिलं तर काय करायच्या? उत्तर येत नसलं तर काय म्हणायच्या? या तिसऱ्या प्रश्नावर जे हाती लागतं ते बहुतेक वेळा मानपत्राचा गाभा ठरतं.

तुझ्याच टिपणांत ते आहे, आणि तू ते शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत उरकलंयस. बाईंची प्रश्नवही. मुलानं विचारलेल्या ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांना देता येत नसे, तो त्या मुलासमोर वहीत लिहून घ्यायच्या, बाजूला त्याचं नाव आणि तारीख. पुढच्या आठवड्याची सुरुवात त्या प्रश्नानं व्हायची. कधी उत्तर मिळालेलं असायचं. कधी ‘मी शोधलं, विचारलं, अजून नाही सापडलं’ असंही त्या सांगायच्या. धर्मशिक्षणाच्या वर्गात मोठ्या माणसानं ‘मला माहीत नाही’ म्हणणं किती अवघड असतं हे मी जवळून पाहिलंय. तुझं सगळं मानपत्र या वहीभोवती उभं राहू दे.

वर्षांचा हिशेब नीट बघ. तू ‘अखंड तीस वर्षे’ लिहिलंयस. हजेरीपटावर पहिली सही १९९७ ची आहे, आणि मधली दोन वर्षं घरच्या आजारपणामुळे वर्ग दुसऱ्यांनी घेतला. म्हणजे ‘तीस’ही बरोबर नाही आणि ‘अखंड’ही नाही. ही चूक सगळ्यात आधी बाईंनाच कळेल, आणि ज्यांनी ती दोन वर्षं सांभाळली तेही समोर बसलेले असतील. ‘१९९७ पासून’ एवढंच लिही. ते खरं आहे आणि त्याला आकड्याचा आधार लागत नाही. किती मुलं शिकून गेली याचा अंदाजे गुणाकारही करू नकोस. हजेरीपट पूर्ण असतील तर मोजून लिही, नाहीतर सोडून दे.

‘एक पैसाही न घेता’ हे तुझ्या मसुद्यात तीनदा आलंय. एकदा पुरे, तेही सहज, वाक्याच्या ओघात. पुन्हा पुन्हा आलं की मोबदला न देणाऱ्या संस्थेला टोचतं आणि पैशाचा विचार न केलेल्या माणसाच्या गळ्यात तो विचार पडतो. दुसरं म्हणजे, बाई वर्ग सोडणार आहेत की पुढेही घेणार आहेत, ते त्यांनाच विचार. तुझी सगळी वाक्यं ‘होत्या’, ‘करीत असत’ अशी आहेत. माणूस समोर बसलेला असताना ती श्रद्धांजलीसारखी वाटतात.

मानपत्र आणि भाषण यांची कामं वेगळी आहेत, हे तुझ्या मसुद्यात पुसट झालंय. मानपत्र बाईंना उद्देशून असतं, ‘आपण’ म्हणून. ते घरी जातं, भिंतीवर राहतं, नातवंडं वाचतात. त्यामुळे त्यात वीस वर्षांनीही समजेल असंच लिहायचं. भाषण समोर बसलेल्यांसाठी असतं, त्यात बाई ‘त्या’ असतात, आणि त्यात एकच प्रसंग सांगायचा. मानपत्रातली वाक्यं भाषणात आली की वाचन सुरू होईपर्यंत लोक कंटाळलेले असतात.

मानपत्र साधारण शंभर-सव्वाशे शब्दांत बसव. तुझ्याच माहितीवरून मी असं करून पाहिलं:

‘आदरणीय बाई,

१९९७ पासून आपण आमच्या मुलांना दर आठवड्याला धर्माचे पाठ देत आला आहात. वर्ग सुरू होण्याआधी अर्धा तास येऊन बैठक मांडणे, गैरहजर मुलाच्या घरी स्वतः चौकशी करणे आणि पाठांतरात मागे पडलेल्या मुलाला वर्गानंतर थांबवून घेणे, हे सर्व आपण कोणी न सांगता व विनामोबदला केले.

आपल्या वर्गात प्रश्न विचारण्यास कोणी घाबरले नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते, तो आपण वहीत लिहून घेतला आणि पुढील आठवड्यात त्याच्याकडे परत आलात. प्रामाणिकपणे शोधणे हाही श्रद्धेचा भाग आहे, हे आम्ही आपल्याकडून शिकलो.

आपल्या या सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून हे मानपत्र आम्ही आदरपूर्वक अर्पण करीत आहोत.

आपले,
सर्व विद्यार्थी, पालक व कार्यकारी मंडळ’

खाली तारीख, अध्यक्ष आणि कार्यवाह यांच्या सह्या. सुरुवातीला धर्मग्रंथातली एखादी ओळ घ्यायची असेल तर बाई स्वतः मुलांकडून पाठ करून घेतात ती घे, आणि मूळ ग्रंथ उघडून अक्षर न् अक्षर जुळव. पाठ असलेल्या ओळीतच चूक राहते, कारण ती आपण तपासत नाही. ती ओळ चुकली तर समोरच्या सगळ्या मुलांना कळेल.

भाषणासाठी वहीतला एकच प्रश्न घे. आजी गेल्यानंतर एका मुलानं विचारलेला, जो तू मला फोनवर सांगितलास. तो मुलगा आता मोठा आहे. त्याची परवानगी आधी घे. नाव घेऊ नको म्हणाला तर घेऊ नकोस, प्रसंगच नको म्हणाला तर दुसरा शोध. विश्वासानं वर्गात बोललेली गोष्ट त्याला न विचारता माइकवर नेणं बाईंनाही आवडणार नाही. त्यानं होकार दिला तर साधारण असं बोल:

‘नमस्कार. बाईंच्या वर्गातली एकच गोष्ट सांगतो. एका मुलाची आजी आजारी होती. सगळ्या वर्गानं तिच्यासाठी प्रार्थना केली, तरी ती गेली. पुढच्या आठवड्यात त्यानं सरळ विचारलं, “देवानं ऐकलं नाही का?” वर्ग एकदम शांत झाला. बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी वही काढली, प्रश्न लिहिला, त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “हा प्रश्न मलाही पडतो. आपण दोघं मिळून शोधू.” पुढच्या वर्गात त्यांनी त्याच्या हातात काय ठेवलं, माहितीये? उत्तर नव्हतं. अशाच दुःखात माणसांनी केलेल्या दोन जुन्या प्रार्थना त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून आणल्या होत्या. तो मुलगा आज इथे बसलाय. तो कागद त्याच्याकडे अजून आहे. बाई, त्या वहीत आमच्यापैकी अनेकांची नावं आहेत. आमचे प्रश्न लिहून ठेवण्यासारखे आहेत असं तुम्हाला वाटलं, त्याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. आता मानपत्राचं वाचन होईल.’

हे सावकाश बोललास तरी दोन मिनिटांत संपतं. उरलेला वेळ भरायचा प्रयत्न करू नकोस. ‘त्याच्या शेजारी जाऊन बसल्या’ या शब्दांनंतर क्षणभर थांब. तिथे घाई केलीस तर प्रसंग वाया जाईल. कागदावरून वाचलंस तरी चालेल, फक्त शेवटची तीन वाक्यं बाईंकडे बघून म्हण.

छपाईकडे जरा जास्त लक्ष दे, कारण तिथे झालेली चूक चौकटीत बसून भिंतीवर राहते. मजकूर एका फाँटमधून दुसऱ्यात गेला की रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते, जोडाक्षर तुटून पाय मोडलेलं अक्षर दिसतं. फोनवर आलेलं चित्र पाहून ‘ठीक आहे’ म्हणू नकोस. कागदावर एक प्रत काढून घे. एकानं मोठ्यानं वाचावं, दुसऱ्यानं मूळ मसुद्यावर बोट ठेवून बघावं. बाईंचं नाव त्या स्वतः सही करताना जसं लिहितात तसंच हवं. ते मंडळाच्या यादीवरून उचलू नकोस, त्यांच्या घरच्यांकडून लिहून घे.

कार्यक्रमात वाचन चालू असताना बाईंना खुर्चीवरच बसू दे. वाचून झालं की अध्यक्षांनी त्यांच्यापर्यंत जावं. काचेची चौकट जड असते, म्हणून ती त्यांच्या हातात फक्त फोटोपुरती राहावी आणि लगेच कुणीतरी घ्यावी. त्यांना उत्तरादाखल बोलायचं आहे का, हे दोन दिवस आधी विचार. नको म्हणाल्या तर सूत्रसंचालकाला सांगून ठेव, म्हणजे तो ऐनवेळी माइक पुढे करणार नाही. बोलायचं म्हणाल्या तर त्यांच्यानंतर कुणाचंच भाषण ठेवू नकोस, आभारसुद्धा आधीच उरकून घे.

मानपत्राची एक साधी प्रत संस्थेच्या दप्तरी लाव, हजेरीपटांच्याच फायलीत. मधली दोन वर्षं ज्यांनी वर्ग घेतला त्यांचं नाव मानपत्रात येणार नाही, पण आभाराच्या यादीत ते पहिलं असू दे. तेवढं झालं की मसुदा पुन्हा पाठव. शनिवारी संध्याकाळपर्यंत आला तर मी रविवारी सकाळी वाचून देईन.

तुझा,
काका