सगळ्यांनाच पाचपैकी पाच कसे? वर्गात एकमेकांचं तपासण्याबद्दल तुमचे प्रश्न

बाई, आठवीत रोपवाटिकेला मागणीपत्र लिहायला दिलं होतं. मुलांनी एकमेकांची तपासली आणि ३८ जणांना ५ पैकी ५! काय चुकलं?

तुम्ही निकष काय दिलेत ते सांगा आधी, बहुतेक "योग्य मांडणी, प्रभावी भाषा" असंच काहीतरी असणार. आता प्रभावी म्हणजे काय हे आठवीच्या पोराने कुठून ठरवायचं, तो अक्षर बघतो आणि मार्क देऊन टाकतो.

मी काय करते, पत्रं वाटायच्या आधी माझीच लिहिलेली दोन नमुना पत्रं फळ्यावर लावते. पहिल्याचं अक्षर मोत्यासारखं, पण विषय "पत्र लिहिण्याबाबत" आणि आत "आम्हाला काही झाडे हवी आहेत, लवकर पाठवावीत". दुसरं गिचमिड, पण त्यात कडुलिंब २०, करंज १५, १ जुलैपर्यंत हवीत असं स्पष्ट आहे, फक्त खाली पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय. वर्ग हमखास पहिल्याला ५ देतो, दुसऱ्याला ३.

मग पाच प्रश्न लिहायचे, प्रत्येकी १ मार्क, अर्धा नाही: तारीख आणि पत्ता आहे का, नुसत्या विषयावरून काय हवंय ते कळतं का, कोणती रोपं आणि किती ते आहे का, कधीपर्यंत ते आहे का, शेवटी पाठवणाऱ्याचं नाव आहे का. आणि नियम एकच, जिथे उत्तर सापडलं त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारायची, रेघ नाही तर मार्क नाही. आता तीच मुलं परत बघतात तेव्हा पहिल्या पत्रात "काही झाडे" आणि "लवकर" यांच्याखाली रेघ मारायला पेन्सिल उचलतात आणि थांबतात. किती? कधी? ते तिथे नाहीच! पहिलं २ वर येतं, दुसरं ४ वर. हा एक तास गेला तरी चालेल, तो गाळून थेट गठ्ठे वाटले की परत ३८ जणांना पाच.

मैत्रिणीला कमी दिले तर ती बोलत नाही म्हणून मुली सरसकट वाढवून देतात. नावं झाकली तरी अक्षर ओळखतात.

ओळखणारच हो, आठ वर्षं एका बाकावर बसल्यात! म्हणून शक्य असेल तर पत्रं शेजारच्या तुकडीशी बदला. ते जमत नसेल तर एक पत्र तिघींकडे फिरवा आणि मधला मार्क धरा, म्हणजे ५, ३, ३ आले तर ३, एकटीच्या मायेने फरक पडत नाही. रेघा मात्र आपापल्या कागदावर ओळ क्रमांक लिहून नोंदवू दे, नाहीतर दुसरी पहिलीचंच उतरवते.

मुख्य म्हणजे हे मार्क रजिस्टरमध्ये चढवू नका. पत्र दुरुस्त करून परत लिहायचंय हे मुलींना माहीत असलं की "तारीख राहिलीय गं" हे सांगणं मदत वाटते, चहाडी नाही.

मार्कांचा फुगवटा अजून आहे का हे कसं कळेल? प्रत्येक गठ्ठ्यात तुमचं ते २ मार्कांचं पत्र नव्याने लिहून घालून ठेवा, ज्या गटाने त्याला ४-५ दिले त्यांच्यासोबत पुन्हा बसायचं. उलटंही होतं बरं का, शिकवल्यावर काही पोरं एकदम कडक मास्तर होतात आणि यादीत नसलेल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी मार्क कापतात. तिथेही विचारायचं, पाचांपैकी कुठल्या प्रश्नाचा हा मार्क?

स्वतःचं तपासताना वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी स्वतःला ३ देते आणि मागच्या बाकावरचा ५!

तिच्या मनातला नमुना उंच आहे, त्याच्या मनात नमुनाच नाही. दोघांनाही आधी दुसऱ्यांची दोन-तीन पत्रं तपासू द्या आणि मग स्वतःचं, त्याच रेघांच्या नियमाने. मग तुमचा मार्क शेजारी लिहा आणि फरक कुठल्या प्रश्नावर आला तेवढंच बोला. मागच्या बाकावरचा बहुतेकदा म्हणतो, "बाई, मला माहीत होतं किती रोपं ते!" त्याच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं, आणि हे त्याला दुसऱ्याच्या पत्रात लगेच दिसतं.

निबंधालाही हीच यादी चालेल का?

नाही. निबंधाचे पाच तुकडे करून हो-नाही केलं की रटाळ निबंधाला पैकीच्या पैकी पडतात. फाल्चिकॉव आणि गोल्डफिंच या संशोधकांनी २००० साली विद्यार्थ्यांनी एकमेकांना दिलेल्या मार्कांवरचे, कॉलेज पातळीवरचे ४८ अभ्यास एकत्र तपासले होते, त्यात निकष नीट समजलेले असताना दिलेला एकच एकूण मार्क शिक्षकांच्या मार्कांशी जास्त जुळला, बाबींचे सुटे सुटे मार्क तेवढे जुळले नाहीत. तेव्हा तिथे १० पैकी ४, ६ आणि ८ चे तीन नमुने भिंतीवर लावा आणि विचारा, हा निबंध कुणाच्या जवळचा, आणि तसं वाटायला लावणारी एक ओळ दाखव. पण "४ चा" नमुना गेल्या वर्षीच्या बॅचचा घ्या, ह्याच वर्गातल्या कुणाचा नको.